घातश्रेढीने साइन व कोसाइनच्या किमती काढणे

घातश्रेढीने साइन व कोसाइनच्या किमती काढणे ही संगणकीय गणितातील एक पद्धत आहे. संगणकाचा प्रक्रियक मुळात बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार करतो. त्यामुळे त्रिकोणमितीय फलांच्या किमती या चार क्रियांपर्यंत आणाव्या लागतात, आणि त्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्यांची घातश्रेढी होय. श्रेढी अनंत पदांची असते, आज्ञावलीत मात्र काही पदांनंतर थांबावे लागते. किती पदांनंतर थांबायचे, याचे उत्तर कोन केवढा आहे आणि किती अंक अचूक हवे आहेत, या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

## श्रेढी

कोन x रेडियनमध्ये असल्यास

```
sin x = x − x³/3! + x⁵/5! − x⁷/7! + ...
cos x = 1 − x²/2! + x⁴/4! − x⁶/6! + ...
```

या श्रेढी केरळमधील गणिती माधव (चौदावे–पंधरावे शतक) याच्या परंपरेत ज्ञात होत्या. ज्येष्ठदेवाच्या सोळाव्या शतकातील *युक्तिभाषा* या मलयाळम ग्रंथात त्यांची उपपत्ती दिलेली आहे. युरोपात न्यूटनने सतराव्या शतकात त्या स्वतंत्रपणे काढल्या.

कोन अंशांत दिला असेल, तर आधी त्याला π/180 ने गुणून रेडियनमध्ये आणावे लागते. ही पायरी राहिल्यास आज्ञावली कोणतीही त्रुटी न दाखवता चुकीचे उत्तर देते.

## पदे काढण्याची रीत

प्रत्येक पदासाठी घात व क्रमगुणित नव्याने काढणे खर्चिक तर असतेच, शिवाय धोक्याचेही असते. ३२ बिटांच्या पूर्णांकात 12! मावते, 13! मावत नाही, ६४ बिटांच्या पूर्णांकात 20! मावते, 21! मावत नाही. म्हणून मागच्या पदावरूनच पुढचे पद काढतात. साइनच्या श्रेढीत मागच्या पदाला −x² ने गुणून क्रमाने 2·3, 4·5, 6·7 असे भागत गेले, की पुढील पदे मिळतात. यात क्रमगुणित वेगळे काढावेच लागत नाही.

```python
def sin_series(r, terms):
    term = r
    total = r
    for k in range(1, terms):
        term = -term * r * r / ((2*k) * (2*k + 1))
        total += term
    return total
```

कोसाइनसाठी पहिले पद 1 घ्यावे आणि भाजक `(2*k - 1) * (2*k)` असा ठेवावा.

## मोठ्या कोनाची अडचण

गणिताच्या दृष्टीने या श्रेढी x च्या प्रत्येक किमतीसाठी अभिसारी आहेत. यावरून पुरेशी पदे घेतली की कोणत्याही कोनासाठी अचूक उत्तर येईल, असे वाटते. संगणकावर तसे होत नाही.

x = 30 रेडियन हे उदाहरण घेऊ. येथे पदे आधी वाढत जातात आणि x²⁹/29! हे पद सुमारे 7.76×10¹¹ एवढे होते. sin 30 चे खरे उत्तर मात्र −0.98803162... एवढे लहान आहे. म्हणजे धन व ऋण चिन्हांची प्रचंड पदे एकमेकांना जवळजवळ पूर्णपणे खोडतात आणि अगदी थोडा शेष उरतो. नेहमीच्या ६४ बिटांच्या दशांश संख्येत (डबल प्रिसिजन) सुमारे १६ सार्थ अंक राहतात. 7.76×10¹¹ च्या आसपास अशा दोन लगतच्या संख्यांमधील अंतर सुमारे 0.00012 असते. त्यामुळे प्रत्येक मोठे पद साठवतानाच चौथ्या-पाचव्या दशांश स्थळाच्या पुढची माहिती नष्ट होते, आणि नंतर कितीही पदे मिळवली तरी ती परत येत नाही. x = 40 साठी हेच अंतर 2 होते, त्यामुळे उत्तर −1 ते 1 या मर्यादेबाहेरही जाऊ शकते.

## कोन लहान करणे

या अडचणीवर उपाय अधिक पदे घेणे हा नसून कोन लहान करणे हा आहे. साइन व कोसाइन आवर्ती असल्याने x मधून π/2 ची योग्य पट वजा करता येते:

```
n = round(x / (π/2))
r = x − n·(π/2)
```

आता r हा −π/4 ते π/4 या मर्यादेत येतो. n ला 4 ने भागून उरणारी बाकी 0, 1, 2 किंवा 3 असेल, त्यानुसार sin x ची किंमत अनुक्रमे sin r, cos r, −sin r किंवा −cos r असते.

वरील उदाहरणात 30 ÷ 1.570796 = 19.0986, म्हणून n = 19 आणि r = 0.1548698. 19 ला 4 ने भागल्यास बाकी 3 उरते, म्हणून sin 30 = −cos r. कोसाइनच्या पहिल्या चारच पदांनी cos r = 0.98803162 मिळते आणि उत्तर आठ दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते.

## किती पदे घ्यावीत

मर्यादित कोनासाठी पदांची चिन्हे आलटून पालटून येतात आणि त्यांची केवलमूल्ये सतत कमी होत जातात. अशा श्रेढीत थांबल्यामुळे होणारी चूक ही सोडून दिलेल्या पहिल्या पदापेक्षा लहान असते. म्हणून सर्वांत मोठ्या कोनासाठी, म्हणजे r = π/4 साठी, सोडलेले पहिले पद किती आहे एवढेच पाहावे लागते. साइनसाठी ते असे:

| घेतलेली पदे | शेवटचा घात | सोडलेले पहिले पद |
|---|---|---|
| ४ | r⁷ | 3.1×10⁻⁷ |
| ५ | r⁹ | 1.8×10⁻⁹ |
| ७ | r¹³ | 2.0×10⁻¹⁴ |
| ८ | r¹⁵ | 4.6×10⁻¹⁷ |

३२ बिटांच्या दशांश संख्येत सुमारे सात अंक मावतात, म्हणून तेथे पाच पदे पुरतात. ६४ बिटांसाठी आठ पदे लागतात. नववे पद घेतल्याने साठवलेल्या उत्तरात व्यवहारतः काही फरक पडत नाही. कोसाइनसाठी आठ पदांनंतरची चूक 1.0×10⁻¹⁵ राहते, म्हणून r¹⁶ पर्यंतची नऊ पदे घ्यावी लागतात. कोन π/2 पर्यंतच लहान केला, तर साइनची अकरा पदे लागतात.

पदसंख्या आधी न ठरवता, पद ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झाले की थांबण्याची रीतही वापरतात. तेथे तुलना पदाच्या केवलमूल्याशी करणे आवश्यक असते. तसे न केल्यास −x³/3! हे ऋण पद मर्यादेपेक्षा लहान ठरते आणि आज्ञावली तेथेच थांबते.

## मर्यादा व पडताळणी

π/2 ही संख्याही संगणकात पूर्णपणे मावत नाही. तिच्यातील सुमारे 6×10⁻¹⁷ एवढी चूक n पटींनी वाढते; x = 1000000 असल्यास ती सुमारे 4×10⁻¹¹ होते. म्हणून गणितीय ग्रंथालयांत π/2 चे दोन-तीन तुकडे करून ते क्रमाने वजा करतात.

sin² x + cos² x = 1 ही पडताळणी येथे अपुरी ठरते. कोन लहान करताना झालेली चूक दोन्ही फलांत सारखीच शिरते, म्हणून बेरीज 1 च येते. त्यामुळे उत्तर अधिक अंकांच्या गणिताशी ताडून पाहावे लागते.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या `fdlibm` या ग्रंथालयात π/4 पर्यंतच्या कोनासाठी साइनची पदे तेराव्या घातापर्यंतच, म्हणजे सात, घेतली आहेत. त्यांतील सहगुणक श्रेढीतील सहगुणकांपेक्षा किंचित वेगळे असतात. श्रेढीची चूक मर्यादेच्या टोकाशी एकवटते, तर हे सहगुणक ती संपूर्ण मर्यादेत वाटून देतात, आणि त्यामुळे एक पद वाचते.