भिंत एकच, डिझाइन बदललं: रोल ९ की १३?

आजचा भाग ऐकताना फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा ठेवा. वॉलपेपरचे रोल किती लागतील, हा हिशोब आज आपण नीट लावणार आहोत.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा रोल असतो ५३ सेंटीमीटर रुंद आणि १००५ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास ३३ फूट लांब. एका रोलचं क्षेत्रफळ साधारण ५७ चौरस फूट. म्हणून बरेच जण काय करतात? भिंतींचे चौरस फूट काढतात, ५७ ने भागतात, वर १० टक्के वेस्टेज धरतात. झालं! पण हा हिशोब रंगाला चालतो. रंग कुठूनही कुठेही पसरतो. वॉलपेपर मात्र छतापासून खालपर्यंत अख्ख्या पट्टीतच लागतो. म्हणून चौरस फूट नाही, पट्ट्या मोजायच्या.

एक खोली घेऊ. कॉलेज रोडवरचा जुना बंगला समजा. खोली १२ बाय १०, उंची साडेदहा फूट. चारही भिंतींचा घेर झाला ४४ फूट, म्हणजे १३४१ सेंमी. भागिले ५३, उत्तर २५.३. पाव पट्टी लागली तरी पट्टी पूर्णच कापावी लागते, म्हणून इथे आकडा वर न्यायचा: २६ पट्ट्या.

आता एका पट्टीची लांबी. साडेदहा फूट म्हणजे ३२० सेंमी. छत आणि जमीन कधीच अगदी सरळ नसतात, म्हणून वर ५ आणि खाली ५ सेंमी जास्त ठेवून लावल्यावर ब्लेडने कापतात. झाले ३३०. प्लेन कागद असेल तर १००५ भागिले ३३०, म्हणजे ३.०४. इथे उलटं करायचं, अपूर्णांक सोडून द्यायचा, कारण उरलेल्या तुकड्यातून पट्टी निघत नाही. एका रोलमधून ३ पट्ट्या. २६ भागिले ३, परत वर न्या: ९ रोल.

आता त्याच खोलीला मोठ्या पानाफुलांचं डिझाइन आवडलं. लेबलवर रिपीट लिहिलंय ६४ सेंमी. म्हणजे दर ६४ सेंमीला तेच फूल परत येतं. शेजारच्या पट्टीवरचं फूल बरोबर जुळायला हवं, म्हणून प्रत्येक पट्टी डिझाइनच्या त्याच जागेपासून सुरू करावी लागते. ३३० भागिले ६४, उत्तर ५.१६, वर नेलं की ६. सहा रिपीट म्हणजे ३८४ सेंमी. प्रत्येक पट्टीमागे ५४ सेंमी कागद फक्त जुळवण्यात जातो. आणि १००५ मध्ये ३८४ बसतात दोनदाच. २६ भागिले २ म्हणजे १३ रोल!

चौरस फुटांनी काय आलं असतं? ४६२ चौरस फूट भागिले ५७, वर १० टक्के: ९ रोल. म्हणजे चार रोल कमी.

गंमत बघा, हेच डिझाइन साडेनऊ फूट उंचीच्या फ्लॅटमध्ये लावलं तर? २९० अधिक १० म्हणजे ३००. पाच रिपीटमध्ये काम भागतं, ३२० सेंमी. रोलमधून ३ पट्ट्या निघतात आणि ९ रोल पुरतात. म्हणून १० टक्के, १५ टक्के असा ठरलेला वेस्टेज नसतोच. तो उंची आणि रिपीट मिळून ठरवतात.

लेबलवर ६४/३२ असं दिसलं, तर शेजारची पट्टी अर्धा रिपीट खाली सरकवून जुळते. तेव्हा एकाच रोलमधून आलटून-पालटून पट्ट्या कापू नका. आपल्या फ्लॅटमध्ये तसं केलं तर दोन पट्ट्यांमध्ये २० ऐवजी ५२ सेंमी वाया जातात. त्यापेक्षा दोन रोल उघडा. एकातून सगळ्या विषम पट्ट्या, दुसऱ्यातून सम.

दार-खिडकी वजा करायची का? सहसा नको. खिडकीच्या वरचे-खालचे तुकडे रोलच्या उरलेल्या शेपटातून निघतात, आणि वाचलेली पट्टी चुकून फाटलेल्या पट्टीच्या कामी येते.

रोल कमी पडले तर नंतर आणू, असं म्हणू नका. प्रत्येक रोलवर लॉट नंबर असतो. दुसऱ्या लॉटची छटा हातात घेतल्यावर सारखीच वाटते, पण भिंतीवर शेजारी लागली की उजेडात पट्टा उठून दिसतो. म्हणून सगळे रोल एका वेळी घ्या, नंबर जुळवा, आणि न उघडलेला रोल परत घेणार का, हे दुकानात आधीच विचारा.

तर आज घरी टेप घ्या, उंची दोन-तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. भेटू पुढच्या भागात!