शिलाईचा गल्ला वेगळा, घराचा बटवा वेगळा

ईद होऊन चार दिवस झाले होते. शीरखुर्म्याची भांडी अजून माळ्यावर चढली नव्हती आणि आमच्या धाकट्या जाऊबाई फ्रिज बघायला निघाल्या होत्या. त्या घरीच शिलाईचे काम करतात. पंजाबी सूट, कुर्ते, लहान मुलींचे फ्रॉक. हाताखाली मोहल्ल्यातली एक मुलगी तुकड्यावर काम करते. रमजानमध्ये रात्री दोनपर्यंत मशीन चालू होती. गल्ल्याच्या डब्यातले आणि खात्यातले मिळून 41,000 रुपये जमले होते. "भाभी, यंदा अल्लाहने बरकत दिली," त्या म्हणाल्या.

आम्ही शाळेत शिकवतो, हिशेबनीस नाही. पण आदल्या वर्षीची गोष्ट आमच्या लक्षात होती. त्या वर्षीही ईदनंतर अशीच मोठी खरेदी झाली. दोन महिन्यांत ओव्हरलॉक मशीन बिघडले, अस्तरवाल्याने उधारी मागितली आणि दिरांना मित्राकडून हातउसने घ्यावे लागले. तेव्हापासून ते म्हणत, "रात्रंदिवस खडखड चालते, पण या धंद्यात सुटत काही नाही." जाऊबाई गप्प बसत, कारण खरोखर किती सुटते ते त्यांनाही सांगता येत नव्हते. मशीन विकून टाकावी असे बोलणे घरात दोनदा झाले होते.

म्हणून फ्रिजच्या दुकानाऐवजी आम्ही दोघी चटईवर डबा उपडा करून बसलो. पहिला प्रश्न हा की, या 41,000 मधले आपले किती? मापाच्या वहीत प्रत्येक ऑर्डरपुढे ठरलेली शिलाई आणि बयाणा लिहिलेला होता. शव्वालमधल्या लग्नांचे बरेच सूट अजून कापलेही नव्हते आणि त्यांचे 13,500 रुपये आधीच घेतलेले होते. ती कमाई नव्हे. सूट शिवून हातात देईपर्यंत ती गिऱ्हाइकाची अमानत आहे. उद्या लग्न मोडले किंवा आपण आजारी पडलो, तर परत करावी लागेल. अस्तर, कॅनव्हास, चेन, बटणे यांची दुकानातली उधारी निघाली 8,000. मदतनीस मुलीची ईदच्या कामाची मजुरी 5,000 राहिली होती, ती तर ईदच्या आधीच द्यायला हवी होती. ती त्याच दिवशी पोहोचवली. उरले 14,500. फ्रिजचा विषय तिथेच थांबला.

मग पैसे वेगळे करण्याचे काम हाती घेतले. जाऊबाईंचे जनधन खाते होते. त्यात घरगुती गॅसचे अनुदानही यायचे आणि शिलाईचे पैसेही. त्याच बँकेत दुसरे बचत खाते उघडायला गेलो, तर नाही म्हणाले. जनधन हे मूलभूत बचत खाते असते आणि ते असताना त्या बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. म्हणून जुने खाते घरासाठी राहू दिले आणि दुसऱ्या बँकेत त्यांच्याच नावाने नवे उघडले. उलाढाल वाढली की बचत खात्यावर धंदा चालवणे बँकेला चालत नाही, तेव्हा चालू खाते घ्यावे लागते. त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही.

मशीनजवळ भिंतीला चिकटवलेला क्यूआर कोड बदलला. तो दिरांच्या मोबाइलचा होता. शिलाईचा पैसा थेट त्यांच्या खात्यात जाई आणि तिथून पेट्रोल, भाजी, मोबाइलचे रिचार्ज यात विरघळून जाई. रोख पैशांसाठी कुलपाचा डबा ठेवला आणि त्यात बयाण्यासाठी वेगळी थैली. सूट दिला की त्याचा बयाणा थैलीतून डब्यात येतो. खात्यावर आलेल्या बयाण्याची वहीत नोंद ठेवतो आणि शिल्लक मोजताना तेवढी रक्कम वजा धरतो. डब्यातून पैसा बाहेर पडायला दोनच वाटा ठेवल्या. एक धंद्याचा खर्च, दुसरी जाऊबाईंची ठरलेली उचल.

उचल हा हिशेबाच्या पुस्तकातला शब्द. मालक धंद्यातून स्वतःसाठी घेतो ती उचल. आपण बोलताना पगार म्हणतो, पण एकट्या मालकाच्या धंद्यात ती खर्चात धरत नाहीत. कर लागायचा झाला तर तो नफ्यावर लागतो. उचल कमी घेतली म्हणून कर कमी होत नाही.

ती किती ठेवायची, याला आम्हाला दोन रात्री लागल्या. मापाच्या वहीवरून मागच्या ईदपासून या ईदपर्यंतची शिलाई काढली, 2,58,000 रुपये. खर्च दुकानदाराच्या आणि मदतनीस मुलीच्या वहीवरून काढला. विजेवर थोडी चर्चा झाली. दिरांचे म्हणणे, शिलाई मशीनच्या मोटरला वीज लागते तरी किती? ते खरेच होते, मोटर शंभर वॅटच्या आसपासची असते. पण इस्त्री हजार वॅटची आणि ती रोज दोन-तीन तास चालते. म्हणून विजेचे महिन्याला 800 रुपये धंद्यावर टाकले. सगळा खर्च 1,31,000 झाला. वर्षाला सुटले 1,27,000.

दीर बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. "म्हणजे सुटत होते," ते म्हणाले.

बाराने भागले तर महिन्याला साडेदहा हजार येतात. जाऊबाई म्हणाल्या, मग तेवढेच घेते. इथेच चूक होते. वर्षाची सरासरी बरोबर असली तरी पैसा सरासरीने येत नाही. आम्ही बारा महिने एकाखाली एक लिहिले, तेही चांद महिन्यांप्रमाणे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे इंग्रजी महिन्यांत लिहिले तर तेजीची जागा दरवर्षी हलते. शव्वाल ते रमजान लिहिले की ती एका जागी राहते. खर्च वजा जाता शव्वालमध्ये लग्नांमुळे 14,000 सुटले होते, पण जिल्कादमध्ये 6,000, जिल्हजमध्ये 5,000, मोहरममध्ये फक्त 2,000, सफरमध्ये 3,000 आणि रबीउल अव्वलमध्ये 6,000. त्यानंतर पुढच्या महिन्यात 9,000 सुटले, नंतर 13,000, 16,000, रजबमध्ये 11,000, शाबानमध्ये 24,000 आणि रमजानमध्ये 18,000.

आता प्रत्येक महिन्यातून साडेदहा हजार वजा करत खाली आलो. सातव्या महिन्याअखेर गल्ला 28,500 रुपयांनी उणे गेला. वर्षाच्या शेवटी तो पुन्हा जमेत येतो हे खरे, पण मध्ये ते साडेअठ्ठावीस हजार कुठून आणायचे? आपल्याकडे तर साडेचौदाच होते. मग 8,000 धरून तेच गणित केले. सर्वात खोल खड्डा रबीउल अव्वलच्या अखेरीस, 12,000 रुपयांचा. साडेचौदा हजारांत तो भरून निघत होता आणि अडीच हजार उरत होते. उचल 8,000 ठरली. जी रक्कम सर्वात वाईट महिना पार करून नेते तीच खरी उचल, मग सरासरी काही का सांगेना.

दर इंग्रजी महिन्याच्या 5 तारखेला हे 8,000 नव्या खात्यातून जाऊबाईंच्या जुन्या खात्यात जातात. शाळेची फी आणि किराणा इंग्रजी तारखेने येतात, म्हणून ही तारीख. चांद वर्ष अकरा दिवसांनी लहान पडते, तेवढा फरक आम्ही सोडून दिला. शाबानमध्ये गल्ला भरलेला असला तरी 8,000 आणि मोहरममध्ये गिऱ्हाईक फिरकले नाही तरी 8,000. मोहरममध्ये ही रक्कम वेळेवर आली तेव्हा जाऊबाईंना पहिल्यांदा त्याचे मोल कळले. नाहीतर त्या महिन्यात दिरांपुढे हात पसरावा लागे.

वहीच्या शेवटच्या पानावर दर महिन्याअखेर गल्ल्यात किती असायला हवे ते आधीच लिहून ठेवले होते. सफरच्या अखेरीस 4,500 हवे होते, निघाले 2,900. पूर्वी असे सोळाशे कमी झालेले कधी कळलेच नसते. मापाची वही तपासली तर दोन जुन्या गिऱ्हाइकांनी शिलाई दिरांच्या जुन्या क्रमांकावरच पाठवली होती. दिरांनी ती परत दिली, थोड्या कुरकुरीनंतर.

कुरकूर आणखी एकदा झाली. मुलांचे बूट-दप्तर घ्यायचे होते आणि दीर म्हणाले, डब्यात पैसे आहेत ना? होते, पण ते पुढच्या दोन महिन्यांच्या उचलीचे होते. शेवटी 3,000 काढले. ते वहीत कर्ज म्हणून लिहिले आणि जाऊबाईंच्या उचलीतून तीन महिने हजार-हजार कापून डब्यात परत टाकले. घरच्या मुलींचे सूट शिवताना अस्तर आणि चेन धंद्याच्या पेटीतून घेतली तर तिची किंमतही घराच्या बटव्यातून डब्यात जाते. याचा जाऊबाईंना अजूनही कंटाळा येतो आणि चार-आठ वेळा तरी राहून गेले असणार.

जकातीचा हिशेब या वर्षी पहिल्यांदा एका बैठकीत झाला. मशीन, इस्त्री, कात्री ही कामाची हत्यारे आहेत, त्यांच्यावर जकात नाही. गिऱ्हाइकाचे कापड आपले नव्हेच. डब्यातली आणि खात्यातली आपली रोकड, त्यात जाऊबाईंचे सोने आणि घरातली बचत मिळवून अडीच टक्के काढले. बयाणा कसा धरायचा ते मशिदीतल्या मौलानांना विचारले. जकात ही व्यक्तीवर असते, दुकानावर नाही. म्हणून ती धंद्याच्या खर्चात न लिहिता जाऊबाईंनी आपल्या उचलीतून दिली.

या ईदला पुन्हा चटईवर बसलो. कागदाप्रमाणे डब्यात 45,500 असायला हवे होते, निघाले 38,200. एक लेहंगा कापताना बिघडला, त्याचे कापड भरून द्यावे लागले होते. मोटरही बदलावी लागली. त्यातले 12,000 खड्ड्यासाठी बाजूला ठेवले. जुन्या ओव्हरलॉकच्या जागी नवे घेण्यासाठी 18,000 ठेवले. उरलेले 8,200 वर्षातून एकदाची जादा उचल म्हणून जाऊबाईंच्या खात्यात गेले. महिन्याची उचल आहे तेवढीच ठेवली.

"मग फ्रिज?" दिरांनी विचारले.

"तो माझ्या खात्यातून घेईन," जाऊबाई म्हणाल्या आणि डब्याला कुलूप लावून किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.