स्मॅश हातात नाही, पायात ठरतो

शटल उंच आलं की स्मॅशच मारायचा, अशी समजूत कोराडीतल्या हौशी खेळाडूंपासून सगळीकडे आढळते. ती अर्धीच खरी आहे. शटल डोक्याच्या पुढे असेल आणि पाय त्याच्या मागे पोहोचले असतील, तरच एकेरीत स्मॅश परवडतो. शटल डोक्यामागे गेलं की शरीर मागे कलतं आणि फटका सपाट जातो. प्रतिस्पर्ध्याने तो नुसता अडवून जाळीजवळ टाकला, तरी मारणाऱ्याला मागच्या रेषेपासून पुढे धावावं लागतं. जाळीपर्यंतचं हे अंतर ६.७ मीटर आहे.

अशा उशिराच्या वेळी उंच क्लिअर, म्हणजे कोर्टवरच्या बोलीत टॉस, हाच शहाणपणाचा फटका. त्याला भित्र्याचा फटका म्हणणारे हे विसरतात की शटल हवेत असतं तेवढा वेळ आपल्याला सावरायला मिळतो.

फुटवर्क म्हणजे वेगाने पळणं, हा दुसरा गैरसमज. खरी सुरुवात प्रतिस्पर्धी शटल मारतो त्या क्षणी घेतलेल्या छोट्या उडीने होते. तिला स्प्लिट स्टेप म्हणतात. मग उजव्या हाताचा खेळाडू उजवा पाय मागे घेऊन कंबर आडवी करतो आणि सरकत्या पावलांनी शटलमागे जातो. फटक्याच्या वेळी पाय हवेत कात्रीसारखे अदलाबदल होतात. डावा पाय मागे टेकतो आणि तोच शरीराला पुढे ढकलतो. ही अदलाबदल राहून गेली, तर फटका चांगला बसूनही पुढचं शटल हुकतं.

क्लिअर, ड्रॉप, स्मॅश या तिन्हींची तयारी इथपर्यंत सारखीच दिसायला हवी. ड्रॉपची खरी धार नाजूकपणात नसून या सारखेपणात आहे. प्रतिस्पर्धी क्लिअरच्या धाकाने मागे सरकला की ड्रॉप टाकावा आणि स्वतः लगेच पुढे यावं. प्रत्येक फटक्यानंतर बरोबर मध्यभागी परतण्याचा हट्ट इथे नडतो; सरळ फटका मारला की त्याच बाजूला थोडं झुकून उभं राहणं बरं.

प्रतिस्पर्धी कोण, यावरही निवड बदलते. नागपूरची मालविका बनसोड डावखुरी आहे. तिने १३ जानेवारी २०२२ रोजी इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला २१-१७, २१-९ असं हरवलं. उजव्या हाताच्या खेळाडूने आपल्या उजव्या कोपऱ्यातून सवयीने सरळ क्लिअर मारला, तर तो डावखुऱ्याच्या फोरहँडवर जातो, म्हणजे स्मॅशचं आमंत्रणच. बॅकहँड गाठायचा तर तिरका क्लिअर हवा. पण त्याला अंतर जास्त लागतं, आणि तो आखूड पडला की तेही महागात पडतं.

विदर्भातल्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट नडते. गरम हवा विरळ असल्याने शटल जास्त पळतं आणि हिवाळ्यातला बिनचूक क्लिअर मे महिन्यात बाहेर जातो. तेव्हा हाताला दोष देण्याआधी शटल तपासावं. मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारलेलं शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर आत पडायला हवं. त्यापुढे जात असेल, तर ७७ ऐवजी ७६ क्रमांकाचं, जरा संथ शटल घ्यावं.