करन्सी स्वॅप: तीन वर्षांनी मुद्दल परत, पण दर जुनाच!

पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हिशेब इथे सावकाश मांडलाय. इअरफोन लावून फक्त ऐकलं असेल, तर तारखांचा भाग एकदा डोळ्यांखालून घालाच.

विषय आहे करन्सी स्वॅप, म्हणजे दोन वेगवेगळ्या चलनांमधल्या कर्जांची अदलाबदल. नाव भारदस्त आहे, पण आतला व्यवहार सोपा आहे. गोंधळ होतो तो एकाच ठिकाणी: शेवटच्या दिवशी मुद्दल परत करताना बाजारात डॉलरचा भाव काहीही असो, कंपन्या जुन्याच भावाने रक्कम परत करतात. असं का? हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

दोघांची गरज उलटी

समजा, पुण्यात यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिला अमेरिकेत गोदाम आणि सर्व्हिस सेंटर उभारायचंय. त्यासाठी हवेत १ कोटी डॉलर. तिथले ग्राहक पैसे डॉलरमध्येच देणार आहेत.

दुसरीकडे ओहायोतली एक कंपनी आहे. तिला चाकणला कारखाना टाकायचाय. तिला हवेत ८० कोटी रुपये. तिचा इथला माल रुपयांत विकला जाणार आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून डॉलर ८० रुपयांना धरू. म्हणजे १ कोटी डॉलर आणि ८० कोटी रुपये ही आज एकाच किमतीची रक्कम झाली.

आता कर्ज घ्यायला गेल्यावर काय होतं बघा. पुण्याच्या कंपनीला इथल्या बँका वर्षानुवर्षं ओळखतात, त्यामुळे तिला रुपयांत ८ टक्क्यांनी कर्ज मिळतं. अमेरिकेत मात्र तिला कोण ओळखतंय? तिथे डॉलरसाठी ७ टक्के मागतात. ओहायोच्या कंपनीचं नेमकं उलटं. तिला घरच्या बाजारात डॉलर ५ टक्क्यांनी मिळतात, पण रुपयांसाठी १० टक्के मोजावे लागतात.

म्हणजे प्रत्येकीला स्वस्त कर्ज मिळतंय, पण नको त्या चलनात. मग दोघी ठरवतात: तू तुझ्या घरी कर्ज काढ, मी माझ्या घरी काढते, आणि आपण अदलाबदल करू.

कोणत्या तारखेला कोण काय देतं

करार तीन वर्षांचा, व्याज वर्षातून एकदा.

*पहिला दिवस.* पुण्याची कंपनी आपल्या बँकेकडून ८० कोटी रुपये घेते आणि ओहायोच्या कंपनीला देते. ओहायोची कंपनी रोखे विकून १ कोटी डॉलर उभे करते आणि पुण्याच्या कंपनीला देते. मुद्दलाची अदलाबदल झाली. दोघींच्या हातात हवं ते चलन आलं.

*एक वर्षानंतर.* ओहायोची कंपनी ८० कोटींवर ८ टक्के, म्हणजे ६ कोटी ४० लाख रुपये पुण्याच्या कंपनीला देते. पुण्याची कंपनी तेच पैसे आपल्या बँकेत व्याज म्हणून भरते. उलट दिशेने, पुण्याची कंपनी १ कोटी डॉलरवर ५ टक्के, म्हणजे ५ लाख डॉलर ओहायोला देते. ते तिथल्या रोखेधारकांना जातात.

*दोन वर्षांनंतर.* पुन्हा तेच. ६ कोटी ४० लाख रुपये इकडे, ५ लाख डॉलर तिकडे.

*तीन वर्षांनंतर.* शेवटचं व्याज, आणि त्यासोबत मुद्दलाची परतफेड. पुण्याची कंपनी १ कोटी डॉलर परत देते, ओहायोची कंपनी ८० कोटी रुपये परत देते. दोघी आपापली मूळ कर्जं फेडतात. खेळ खलास.

निष्पन्न काय झालं? पुण्याच्या कंपनीला ७ ऐवजी ५ टक्क्यांनी डॉलर मिळाले. ओहायोच्या कंपनीला १० ऐवजी ८ टक्क्यांनी रुपये मिळाले.

एक गोष्ट लक्षात घ्या. मूळ कर्जं कुठेही गेलेली नाहीत. पुण्याच्या बँकेच्या लेखी कर्जदार पुण्याचीच कंपनी आहे. ओहायोकडून पैसे आले नाहीत, तरी बँकेचा हप्ता चुकत नाही.

मग जुना दर का?

समजा, तीन वर्षांत डॉलर ९० रुपयांवर गेला. शेवटच्या दिवशी पुण्याची कंपनी १ कोटी डॉलर देते, ज्यांची बाजारात किंमत आहे ९० कोटी. बदल्यात तिला मिळतात ८० कोटी. कुणीही म्हणेल, दहा कोटींना बुडाली की!

पण तिने डॉलर आणले कुठून? अमेरिकेतल्या ग्राहकांकडून. तिची कमाई डॉलरमध्ये, तिचं देणंही डॉलरमध्ये. तिला रुपये देऊन बाजारातून डॉलर विकत घ्यावेच लागले नाहीत, म्हणून भाव ८५ असो वा ९५, तिला तेवढेच १ कोटी डॉलर बाजूला काढायचे होते. ओहायोच्या कंपनीचंही तसंच. ती चाकणला रुपये कमावते आणि रुपयेच परत देते.

जुना दर हे करारातलं औदार्य नाही, करार उभा आहे तोच त्यावर. शेवटी त्या दिवशीच्या बाजारभावाने हिशेब करायचं ठरलं असतं, तर किती डॉलर किंवा किती रुपये द्यायचे हे तीन वर्षं कुणालाच कळलं नसतं. जुन्या दरामुळे दोघींना पहिल्या दिवसापासून माहीत असतं की कोणत्या तारखेला, कोणत्या चलनात, नेमकी किती रक्कम द्यायची आहे.

स्वस्त व्याज बघून उडी मारली तर?

आता हाच करार वेगळ्या कंपनीने केला असं धरू. तिची सगळी कमाई रुपयांत आहे. अमेरिकेशी काही संबंध नाही. पण ८ टक्क्यांचं रुपयांतलं कर्ज स्वॅप करून ५ टक्क्यांवर आणता येतं, एवढंच तिने पाहिलं. पहिल्या दिवशी मिळालेले डॉलर विकून तिने ८० कोटी रुपये केले आणि धंद्यात घातले.

तीन वर्षांत डॉलर आधी ८२, मग ८६, मग ९० झाला असं समजू. दरवर्षीचे ५ लाख डॉलर तिला बाजारातून विकत घ्यावे लागतात. त्यांना पडले अनुक्रमे ४ कोटी १० लाख, ४ कोटी ३० लाख आणि ४ कोटी ५० लाख रुपये. रुपयांतलं व्याज भरलं असतं तर दरवर्षी ६ कोटी ४० लाख गेले असते. म्हणजे तीन वर्षांत ६ कोटी ३० लाख वाचले. दोन वर्षं तर सगळे खूश, फायनान्सवाल्या साहेबांचं कौतुकही झालं असेल.

शेवटच्या दिवशी मात्र १ कोटी डॉलर परत द्यायला ९० कोटी लागले आणि हातात आले ८० कोटी. दहा कोटी गेले. वाचलेले वजा केले तरी ३ कोटी ७० लाखांचा निव्वळ तोटा.

स्वॅप दोन्ही कंपन्यांनी केला. पहिलीचा धोका त्याने कमी केला, दुसरीच्या गळ्यात नवा धोका अडकवला. ओळखायचं कसं? एकच प्रश्न विचारा: शेवटचं मुद्दल ज्या चलनात द्यायचंय, त्या चलनात कंपनीची कमाई आहे का? नसेल, तर ते कर्ज स्वस्त करणं नाही, डॉलरच्या भावावर लावलेली पैज आहे.

बाजारालाही हे ठाऊक असतं. ८ आणि ५ मधला फरक फुकटात मिळत नाही. आपल्या आकड्यांत रुपया दरवर्षी साधारण २.९ टक्के घसरत तिसऱ्या वर्षी डॉलर ८७ च्या आसपास पोचला, तर आजच्या किमतीत मोजल्यावर व्याजातली सगळी बचत मुद्दलात परत जाते. त्याहून जास्त घसरला तर तोटा, कमी घसरला तर फायदा.

समोरची कंपनीच बुडाली तर?

श्रोत्यांना हमखास पडणारा प्रश्न: ओहायोची कंपनी मध्येच बुडाली, तर आमचे ८० कोटी गेले का?

सगळे नाही. तिने रुपये परत दिले नाहीत, तर आपणही डॉलर परत देत नाही. नेहमीच्या करारांत अशा वेळी स्वॅप तिथेच संपवून दोन्ही बाजूंची फक्त वजाबाकी केली जाते. व्याज बाजूला ठेवून मुद्दलापुरतं बघू. डॉलर ७० वर आला असेल, तर पुण्याच्या कंपनीला येणं आहे ८० कोटी आणि देणं आहे ७० कोटींच्या किमतीचं. धोक्यात आहेत ते मधले दहा कोटी. डॉलर ९० वर असेल, तर उलट पुण्याच्या कंपनीचंच देणं जास्त निघतं.

म्हणूनच प्रत्यक्षात दोन कंपन्या सहसा थेट भेटत नाहीत. मध्ये बँक असते. ती दोघींशी वेगवेगळा करार करते, मध्ये थोडं मार्जिन ठेवते आणि एक बुडाली तरी दुसरीशी केलेला करार पाळते.

हे आलं कुठून?

१९८१ सालच्या ऑगस्टमधला आयबीएम आणि जागतिक बँक यांच्यातला व्यवहार या क्षेत्रात मैलाचा दगड मानतात. आयबीएमवर जर्मन मार्क आणि स्विस फ्रँकमधलं जुनं कर्ज होतं. दरम्यान डॉलर वधारला, त्यामुळे ते कर्ज डॉलरमध्ये मोजल्यावर हलकं झालं होतं. तो फायदा आयबीएमला पक्का करायचा होता. जागतिक बँकेला मार्क आणि फ्रँक हवे होते, कारण त्यांचं व्याज डॉलरपेक्षा बरंच कमी होतं. पण त्या बाजारांतून तिने आधीच भरपूर कर्ज उचललं होतं. सॉलोमन ब्रदर्सने दोघांची गाठ घालून दिली. जागतिक बँकेने डॉलरमध्ये रोखे काढले. त्यांचे हप्ते आयबीएमने द्यायचे आणि आयबीएमच्या मार्क-फ्रँकचे हप्ते जागतिक बँकेने, असं ठरलं.

आपल्या उदाहरणापेक्षा एक फरक होता. आयबीएमने आपलं कर्ज आधीच घेऊन डॉलरमध्ये बदललेलं होतं, त्यामुळे सुरुवातीला एकमेकांना मुद्दल द्यायची गरजच नव्हती. पुढच्या तारखांना व्याज आणि शेवटी मुद्दल, एवढंच बदलायचं होतं. म्हणजे पहिल्या दिवसाची अदलाबदल गरजेनुसार वगळता येते. शेवटच्या दिवसाची वगळली, तर मुद्दलाचा धोका जिथल्या तिथेच राहतो.

पुढच्या वेळी एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालात करन्सी स्वॅप दिसला, तर व्याजदराकडे नंतर बघा. आधी शेवटची तारीख आणि मुद्दलाचं चलन शोधा, आणि कंपनी त्या चलनात कमावते का ते बघा. भेटू पुढच्या भागात!