डबराच्या भिंतीतले आरपार दगड

डबराची, म्हणजे अनघड दगडाची भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण पुष्कळदा ती आतून दुपदरी असते. दर्शनी दगड वेगळे रचले जातात, आतल्या बाजूचे वेगळे, आणि मधली पोकळी माती व कपच्यांनी भरली जाते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात अशाच भिंतींनी घात केला. धक्क्याने दोन्ही पदर सुटे झाले आणि वरचे माळवदाचे जड ओझे माणसांवर कोसळले. त्या भिंती चांगल्या जाडजूड होत्या. उणीव होती ती दोन पदर जोडणाऱ्या दगडांची.

हे काम आरपार दगड करतो. त्याची लांबी भिंतीच्या जाडीइतकी असते, त्यामुळे त्याचे एक तोंड बाहेर आणि दुसरे आत दिसते. भूकंपाचा विचार करून बांधायच्या भिंतीची जाडी 45 सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. दर 60 सेंटिमीटर उंचीला आरपार दगडांची एक ओळ यावी आणि ओळीतल्या दोन दगडांत 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर नसावे. समजा, भिंत 3.6 मीटर लांब आणि 2.7 मीटर उंच आहे. तिच्यात अशा चार ओळी येतील. पहिल्या ओळीत तीन दगड आणि दुसरीत त्यांच्या मधल्या जागी दोन, असे आलटून पालटून बसवले तर एकूण दहा लागतात. हे दहा दगड काम सुरू होण्याआधीच निवडून बाजूला ठेवावेत. गवंडी वर चढल्यावर हाताला येईल तो दगड लागतो. एवढा लांब दगड मिळाला नाही, तर जाडीच्या पाऊण लांबीचे दोन दगड शेजारी शेजारी, एक आतून आणि एक बाहेरून, असे घालावेत. दोन्ही टोकांना वाकवलेली 8 ते 10 मिलिमीटरची सळईही सिमेंट मसाल्यात चालते.

बाकीचे दगडही पसरट बाजूवर बसवून लांबी भिंतीच्या आत जाईल असे ठेवावेत. तोंड मोठे आणि शेपूट आखूड असा दगड उभा करून लावला की भिंत देखणी दिसते, पण तो दगड नुसता चिकटलेला असतो. खालच्या थराच्या सांध्यावर वरचा दगड यावा, म्हणजे उभा सांधा थरामागून थर चढत जात नाही. मधली पोकळी लहान दगड मसाल्यात दाबून बसवून भरावी. कोपऱ्यात आणि आडवी भिंत मिळते तिथे 50 ते 60 सेंटिमीटर लांबीचे दगड एका थरात या भिंतीत, तर पुढच्या थरात त्या भिंतीत शिरवावेत.

भिंतीला पोट सुटणे ही पदर वेगळे होत असल्याची खूण असते. कोपऱ्यातली उभी चीर तिथली गुंफण कच्ची असल्याचे सांगते. गिलावा झाल्यावर आतले काही दिसत नाही. म्हणून घर बांधून घेणाऱ्याने प्रत्येक आरपार दगडाच्या दोन्ही तोंडांवर रंगाची खूण करून घ्यावी, आणि गिलाव्याआधी दोन्ही बाजूंनी त्या खुणा मोजाव्यात.