जुन्या टाक्यांवर बसलेली वार

दोन सिझर झालेली बाई तिसऱ्यांदा गरोदर असते. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात एक ओळ येते: वार खाली आणि पुढच्या बाजूला, गर्भाशयाच्या तोंडावर आली आहे. घरी याचा अर्थ बहुधा ‘जपून राहा, जड उचलू नका’ एवढाच लावला जातो. ‘पुढे वर सरकेल’ असं सांगणारंही कुणीतरी भेटतंच. पहिलटकरणीच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरं ठरतं, कारण गर्भाशयाचा खालचा भाग वाढत जातो तशी वार तोंडापासून दूर होते. पण इथे त्या खालच्या भागातच दोन ऑपरेशनांचे व्रण आहेत, आणि वार नेमकी त्यांच्यावर बसली आहे.

गर्भाशयाच्या आतलं अस्तर हे वार आणि स्नायू यांच्यामधलं आवरण असतं. बाळंतपणानंतर वार याच थरातून सुटते. सिझरचा व्रण भरतो तेव्हा तिथे हे अस्तर नीट तयार होत नाही आणि स्नायूही पातळ राहतो. अशा जागी वार रुजली की तिला सुटायला थरच उरत नाही. काही वेळा ती स्नायूला चिकटते, काही वेळा त्यात शिरते, तर काही वेळा भिंत ओलांडून मूत्राशयापर्यंत पोहोचते. डॉक्टर याला प्लासेंटा अॅक्रिटा म्हणतात. वार कर्करोगासारखी पोखरत जाते असा समज आहे. पण खोट मुख्यतः वारेत नसते, तर तिच्याखालच्या व्रणात असते.

धोका किती, याचं सगळ्यात उपयोगी उत्तर 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून मिळतं. वार तोंडावर असेल आणि आधी एक सिझर झालं असेल, तर शंभरातल्या सुमारे 11 जणींची वार चिकटलेली निघाली. आधी दोन सिझर असतील तर 40 जणींची, तीन असतील तर 61 जणींची. दोन सिझर आहेत पण वार वर आहे, अशा बायकांमध्ये मात्र हे प्रमाण हजारात एखादी इतकंच होतं. म्हणजे आकडा टाके आणि वारेची जागा या दोहोंच्या जोडीने चढतो, आणि ही जोडी यंत्र पोटावर ठेवून बारकावे शोधण्याआधीच कळलेली असते.

आता एक नमुन्याची केस घेऊ. बार्शीची 31 वर्षांची बाई, दोन सिझर झालेली, विसाव्या आठवड्यात वर सांगितलेला रिपोर्ट. अठ्ठाविसाव्या आठवड्यात तिची पुन्हा तपासणी होते, पोटावरून आणि योनीमार्गातूनही. खालची वार असताना आतून तपासणी म्हटलं की बायका घाबरतात. पण सोनोग्राफीचा प्रोब गर्भाशयाच्या तोंडात जात नाही आणि सराईत हातात ही तपासणी सुरक्षित असते. लघवीची पिशवी अर्धवट भरलेली हवी. रिकामी असेल तर तिची भिंत दिसत नाही, आणि तुडुंब भरली तर पुढचं सगळं दाबलं जातं.

पडद्यावर काय शोधायचं? वारेमागे एक बारीक काळसर पट्टी दिसायला हवी, ती या बाईत नाही. स्नायूची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. वारेत घावनाला पडतात तशी वेडीवाकडी भोकं आहेत आणि डॉपलर लावल्यावर त्यांतून रक्त घुसळत जाताना दिसतं. मूत्राशयाची पांढरी रेघ एका ठिकाणी तुटली आहे. यातलं एकेक चिन्ह फसवं असू शकतं. वार पुढे असली की काळसर पट्टी निरोगी बाईतही हरवते, नुसता प्रोब जोरात दाबला तरी हरवते. चारही चिन्हं एकत्र आली आणि ती दोन व्रणांच्या जागी असली, तर मात्र संशयाला फारशी जागा राहत नाही.

इथे एक गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही असं मला वाटतं. 2014 च्या एका अभ्यासात जाणकार तपासनिसांना बाईचा पूर्वेतिहास न सांगता फक्त सोनोग्राफीची चित्रं दाखवली. चिकटलेल्या वारेच्या जवळपास निम्म्या केसेस त्यांच्या नजरेतून सुटल्या. म्हणून जुनी डिस्चार्ज कार्डं सोनोग्राफीच्या टेबलापर्यंत पोहोचली पाहिजेत. आधी किती सिझर झाली, पिशवी कधी धुतली होती का, गाठीचं ऑपरेशन झालं होतं का, हे तपासणाऱ्याला आधीच माहीत असायला हवं.

मग एमआरआय कशाला? नातेवाइकांना तो शेवटचा निवाडा वाटतो, पण तो तसा नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात एमआरआयमुळे तिसऱ्या हिश्शाहून अधिक बायकांचं निदान बदललं, आणि त्यातले जवळजवळ निम्मे बदल चुकीचे ठरले. सोनोग्राफीत चिन्हं स्पष्ट असताना एमआरआय ‘काही नाही’ म्हणाला, तर तयारी सैल करण्याचं ते कारण होत नाही. वार मागच्या बाजूला असेल किंवा ती कडेला कुठवर पसरली आहे हे सर्जनला हवं असेल, तेव्हा त्याचा खरा उपयोग. वेळही महत्त्वाची. साधारण 28 ते 32 आठवडे बरे, कारण त्यानंतर निरोगी वारही म्हातारी होत जाते आणि चित्रात संशयास्पद काळे पट्टे दिसू लागतात. या तपासणीत क्ष-किरण नसतात, आणि गरोदरपणात शिरेतून रंगद्रव्यही सहसा देत नाहीत.

आपल्या बाईच्या एमआरआयमध्ये वार उजव्या कडेला फुगलेली दिसते, मूत्राशयाच्या आत मात्र गेलेली नाही. निदान तेच राहतं, पण सर्जनला कळतं की उजवी मूत्रवाहिनी जपायची आहे. बाळंतपण बार्शीत करायचं नाही, हे तर अठ्ठाविसाव्या आठवड्यातच ठरलेलं असतं. दिवस भरताना गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जातं. वार ओढून काढायचा प्रयत्न केला तर काही मिनिटांत जीवावर बेततं. म्हणून रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, मूत्ररोग सर्जन आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच छताखाली असलेलं रुग्णालय हवं, आणि शेवटचे काही आठवडे मुक्कामही त्याच्या जवळ हवा. रक्तस्राव मध्यरात्रीही सुरू होऊ शकतो.

ऑपरेशन साधारण 34 ते 36 आठवड्यांच्या दरम्यान ठरवून करतात. त्याआधी बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात. पोटावरचा छेद बहुधा उभा असतो. गर्भाशय वरच्या बाजूला, वार टाळून उघडतात, बाळ काढतात, नाळ बांधून कापतात आणि वारेला हात न लावता पिशवीसकट ती काढतात. पाळी कायमची थांबते. अंडाशय मात्र शक्यतो ठेवले जातात, त्यामुळे पिशवी गेली म्हणून लगेच रजोनिवृत्ती येत नाही. ही गोष्ट बाईला आणि तिच्या नवऱ्याला आधीच समजावलेली बरी, कारण टेबलावर सह्या घेताना कुणाच्याच डोक्यात काही शिरत नाही.

कधी पोट उघडल्यावर वेगळंच दिसतं. जुना टाका फक्त विरलेला असतो आणि पापुद्र्याएवढ्या भिंतीतून निळसर वार दिसते, पण बाहेर नव्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांचं जाळं नसतं. सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्ये हे हुबेहूब चिकटलेल्या वारेसारखं भासू शकतं. अशा वेळी अनुभवी सर्जन बाळ काढून थांबतो आणि वार आपोआप सुटते का ते पाहतो. ती सुटली तर व्रण शिवून गर्भाशय वाचवता येतं.