आयकराची मागणी हप्त्यांनी भरण्यासाठी अर्ज कसा लिहावा?

एका निवृत्त वाचकाने आम्हाला पत्र लिहून सल्ला विचारला आहे. सन २०१९ मध्ये भावंडांनी मिळून वडिलांचे जुने घर विकले. त्यातला त्यांचा वाटा आला आणि खर्चही झाला. आयकराच्या विवरणपत्रात मात्र तो दाखवायचा राहिला. तीस लाख व त्यावरच्या खरेदी-विक्रीची माहिती दुय्यम निबंधक आयकर खात्याला कळवतात. त्यामुळे फेरआकारणी झाली आणि कर व व्याज मिळून १,४४,००० रुपयांची डिमांड नोटीस हातात पडली. नोटीस ६ जानेवारी २०२५ रोजी मिळाली. पेन्शन महिना ३४,००० रुपये. "एवढी रक्कम एकदम कुठून आणू? हप्ते मागता येतात का, आणि पत्र लिहायचे ते कोणाला?" असा त्यांचा सवाल होता. तेव्हा आम्ही त्यांना जे सांगितले तेच येथे सविस्तर देत आहोत. कारण अशी नोटीस पेन्शनरालाच येते असे नाही. दुकानदारालाही येते आणि कारागिरालाही येते.

पहिला प्रश्न : मागणी मान्य आहे का?

हप्त्याचा अर्ज म्हणजे देणे कबूल करून मुदत मागणे. रकमेबद्दलच वाद असेल तर रस्ता वेगळा आहे. हिशेबाची उघड चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. आकारणीच मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करावे लागते. अपील करणाऱ्याने साधारणपणे मागणीच्या २० टक्के रक्कम भरली, तर बाकीची वसुली अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबवावी, अशी खात्याची २०१७ पासूनची सूचना आहे. म्हणून अर्ज लिहिण्याआधी आकारणीचा आदेश जाणकाराकडून वाचून घ्यावा. पोर्टलवर Response to Outstanding Demand या ठिकाणी Demand is correct असे एकदा कळवले की नंतर तेथे हरकत घेता येत नाही. आमच्या वाचकांनी घर विकले होते, वाटा घेतला होता आणि हिशेबही बरोबर होता. तेव्हा त्यांच्यासाठी हप्त्याचाच मार्ग योग्य होता.

तीस दिवसांचा वायदा

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम २२० (३) प्रमाणे कर निर्धारण अधिकारी मुदत वाढवू शकतो किंवा हप्ते बांधून देऊ शकतो. पण त्यासाठी अर्ज नोटिशीची मुदत संपण्याआधी झाला पाहिजे. ही मुदत नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांची असते. आमच्या वाचकांची मुदत ५ फेब्रुवारी २०२५ रोजी संपत होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू करण्यात आला आहे. तरी त्याआधीच्या वर्षांच्या आकारणीला जुना कायदाच लागतो. अशा जुन्या मागणीच्या अर्जात कलम २२० (३) हेच लिहावे.

कापडाच्या बाजारात आमचा अनुभव आहे की, उधारीचा वायदा संपण्याआधी जो गिऱ्हाईक स्वतः पेढीवर येतो, काही रक्कम पुढे ठेवतो आणि बाकीच्या तारखा सांगतो, त्याला मुदत मिळते. वायदा उलटून गेल्यावर, माणूस पाठवल्यानंतर जो कारणे सांगतो, त्याचे कोणी ऐकत नाही. या कायद्याची रीतही तीच आहे. फरक इतकाच की मुदत देणे हा अधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग आहे, आपला हक्क नव्हे. म्हणून अर्जात विनवणीपेक्षा हिशेब जास्त असावा.

अर्जात काय असावे

आम्ही त्यांना करून दिलेला मसुदा असा होता :

"महोदय, आपली डिमांड नोटीस मला ६ जानेवारी २०२५ रोजी मिळाली. मागणीची रक्कम रु. १,४४,००० मला मान्य आहे. मी अपील केलेले नाही. मी निवृत्त असून पेन्शनशिवाय मला उत्पन्न नाही. घराच्या विक्रीतून आलेली रक्कम पत्नीच्या शस्त्रक्रियेत व मुलीच्या लग्नात खर्च झाली. रुग्णालयाची बिले सोबत आहेत. दरमहा पेन्शन रु. ३४,०००. खर्च : घरभाडे ६,५००, औषधे ४,५००, किराणा व वीज ८,०००, एकूण १९,०००. शिल्लक १५,०००. मागणीपैकी रु. २४,००० मी आज भरले आहेत, चलनाची प्रत सोबत आहे. बाकी रु. १,२०,००० दरमहा रु. १२,००० प्रमाणे दहा हप्त्यांत, दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत भरण्याची परवानगी आयकर कायदा १९६१, कलम २२० (३) अन्वये मिळावी. पहिला हप्ता ५ मार्च २०२५ व शेवटचा ५ डिसेंबर २०२५ रोजी भरीन. नियमाप्रमाणे होणारे व्याज मला मान्य आहे. हप्ते वेळेवर भरले जात असताना सक्तीची वसुली करू नये, ही विनंती."

वर नाव, पत्ता, पॅन, आकारणी वर्ष आणि नोटिशीचा क्रमांक घालावा. सोबत नोटिशीची प्रत, बँकेचे सहा महिन्यांचे पासबुक, पेन्शनची स्लिप, भाडेपावती आणि औषधांची बिले जोडावीत. अर्जातला प्रत्येक आकडा जोडलेल्या कागदात सापडला पाहिजे. खर्च कमी दाखवून मोठा हप्ता कबूल करू नये. शिल्लक १५,००० असताना १२,००० चाच हप्ता का मागितला? कारण आजारपण विचारून येत नाही, आणि व्याजालाही काही बाजूला ठेवावे लागते.

पत्र कोणाला लिहायचे, याबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. फेरआकारणी हल्ली समोरासमोर न येता, फेसलेस पद्धतीने होते आणि आदेशावर दिल्लीच्या केंद्राचे नाव दिसते. पण वसुली आपल्या भागातल्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे असते. पोर्टलवर आपल्या प्रोफाइलमध्ये Jurisdiction Details उघडले की त्याचा वॉर्ड समजतो. अर्ज त्याच्या नावाने आयकर सेवा केंद्रात द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा. मुदतीत अर्ज केला होता, याचा पुरावा तो शिक्काच आहे. मजकूर आधी मराठीत किंवा उर्दूत लिहून घेतला तरी हरकत नाही, पण देताना तो इंग्रजीत किंवा हिंदीत करून द्यावा.

पैसे भरताना होणारी चूक

पोर्टलवर कर भरताना प्रकार निवडावा लागतो. येथे Demand Payment as Regular Assessment Tax (400) हा प्रकार निवडून समोर दिसणाऱ्या मागणीच्या क्रमांकावरच पैसे भरावेत. घाईत कित्येक जण स्वयंआकारणी कराचा ३०० हा आकडा निवडतात. पैसे सरकारात जमा होतात, पण या मागणीतून वजा होत नाहीत. मग हप्ते भरूनही मागणी जशीच्या तशी उभी दिसते. प्रत्येक हप्त्यानंतर थोड्या दिवसांनी पोर्टलवर बाकी रक्कम कमी झाली का ते पाहावे आणि चलन जपून ठेवावे.

व्याज थांबत नाही

हप्ते मंजूर झाले म्हणजे व्याज माफ झाले, असा समज चुकीचा आहे. कलम २२० (२) प्रमाणे तीस दिवसांनंतर बाकी रकमेवर दरमहा एक टक्का सरळ व्याज लागते आणि महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना धरला जातो. वरच्या उदाहरणात पहिल्या महिन्यात १,२०,००० वर १,२०० रुपये, पुढच्या महिन्यात १,०८,००० वर १,०८० रुपये, असे उतरत शेवटी १२,००० वर १२० रुपये. दहा महिन्यांची बेरीज ६,६०० रुपये होते. हा आमचा अंदाज झाला. खरी रक्कम खात्याच्या हिशेबाने ठरते आणि महिने मोजण्यात थोडा फरक पडू शकतो. वर सांगितल्याप्रमाणे एक दिवस उशीर झाला तरी आणखी महिना मोजला जाण्याचा धोका आहे. म्हणून हप्ता तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच भरावा.

उत्तर आले नाही तर?

अर्ज देऊन गप्प बसणे धोक्याचे आहे. उत्तर न येणे म्हणजे मंजुरी नव्हे. लेखी आदेश हाती येईपर्यंत मूळ तारीखच चालू राहते. ती उलटली की खाते आपल्याला कसूरदार धरू शकते. त्यानंतर बँकेला नोटीस देऊन खात्यातली रक्कम वळवता येते, दंडही लावता येतो. म्हणून अर्जात सांगितलेले हप्ते, आदेशाची वाट न पाहता, भरत राहावे आणि दर वेळी चलनाची प्रत एका ओळीच्या पत्रासोबत कार्यालयात द्यावी. अशा अर्जदाराला अधिकारी सहसा लबाड समजत नाही. दुसऱ्या वर्षाचा काही परतावा येणे असेल, तर खाते तो कळवून या मागणीत वळता करून घेऊ शकते. तो जमेस धरून उरलेला हिशेब करावा.

आदेश आल्यावर त्यातल्या तारखा व अटी नीट वाचाव्यात. आपण दहा हप्ते मागितले आणि अधिकाऱ्याने सहाच दिले, असे होऊ शकते. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : मंजूर हप्त्यांपैकी एक जरी चुकला, तरी उरलेली सगळी रक्कम त्याच दिवशी देय झाली असे कायदा धरतो. ज्या महिन्यात हप्ता जमणार नाही असे दिसेल, त्या महिन्यात तारखेआधीच लेखी कळवून बदल मागावा.

फेरआकारणीत दंडाची वेगळी नोटीसही येते. हप्त्यांच्या मंजुरीने ती मिटत नाही, तिला वेगळे उत्तर द्यावे लागते. काही प्रकरणांत या दंडातून सूट मागता येते. पण अपील न करणे आणि कर व व्याज नोटिशीतल्या मुदतीतच भरणे, या तिच्या अटी आहेत. घरातल्या घरात बिनव्याजी रक्कम उभी राहत असेल, तर हप्ते मागण्याआधी ही सूट आपल्याला लागू पडते का, हे जाणकाराला विचारून घ्यावे.

व्यापाऱ्यांसाठी एक वाक्य. जीएसटीच्या मागणीलाही हप्ते मिळतात, जास्तीत जास्त चोवीस मासिक. पण आपणच विवरणपत्रात दाखवलेल्या करासाठी ते मिळत नाहीत, आणि तेथेही एक हप्ता चुकला की पूर्ण बाकी एकदम द्यावी लागते.